फोटो खोटा ठरवण्याची घाई: या चुका टाळा

चोपडा तालुक्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करायचे, त्या काळापासून मी या धंद्यात आहे. हल्ली आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी मोबाईल पुढे करून विचारतो, "भाऊ, हा फोटो खरा का कॉम्प्युटरने बनवलेला?" बहुतेक वेळा त्याआधीच कुणीतरी फोटोवर लाल गोल काढून निकाल दिलेला असतो. हातांची बोटं, वाकडी अक्षरं आणि सावल्या या तीन खुणा आता सगळ्यांना पाठ आहेत. त्या वाचायच्या कशा, ते मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि त्यामुळे खरी माणसं खोटी ठरतात.

तापीकाठच्या एका शेतकरी आबांचं तसंच झालं. जूनच्या सुरुवातीला वादळ आलं आणि त्यांची कापणीवर आलेली केळी एका संध्याकाळीत आडवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात-सव्वासातला त्यांनी मुलाकडून फोटो काढून घेतला. ते स्वतः बागेत उभे, पडलेल्या झाडांकडे हात दाखवताहेत, मागे बांधावर ट्रॅक्टरची ट्रॉली. फोटो गावाच्या ग्रुपवर पडला आणि अर्ध्या तासात कॉलेजच्या एका पोराने तीन लाल गोल काढून परत टाकला. सावल्या तीन दिशांना, हाताला सहा बोटं, ट्रॉलीवरची अक्षरं कुठल्याच भाषेतली नाहीत, म्हणून फोटो बनावट. भरपाईसाठी खोटा फोटो केला, असं लोक बोलू लागले. आबा माझ्याकडे आले तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. "दादा, मन्हा पोऱ्यानी काढेल शे हाऊ फोटू," एवढंच म्हणाले.

सावल्यांची चूक सगळ्यात जास्त होते, म्हणून ती आधी घेतो. सूर्य एक आहे, म्हणून फोटोतही सगळ्या सावल्या समांतर दिसल्या पाहिजेत, असं लोक धरून चालतात. जमिनीवर त्या समांतर असतात, फोटोत तशा दिसतीलच असं नाही. अमळनेर स्टेशनच्या पुलावरून रूळ पाहा. लांब जाताना ते जवळ येत येत एका ठिकाणी मिळाल्यासारखे दिसतात. सावल्यांचंही तेच. सूर्य समोर असेल तर सावल्या कॅमेऱ्याकडे येताना पंख्यासारख्या पसरतात. सूर्य पाठीमागे असेल तर लांब जाताना एकमेकींकडे झुकतात. त्यात जमीन उंचसखल असली, सरी-वरंबा असला, तर सावली आणखी वाकते. म्हणून सावलीची नुसती दिशा पाहून काही ठरवू नका.

माझी सवय अशी आहे. फोटोची मोठी प्रिंट काढतो आणि ती पांढऱ्या ड्रॉइंग पेपरच्या मधोमध चिकटवतो. मग एखादी टोकदार वस्तू शोधतो आणि तिच्या सावलीतलं तेच टोक शोधतो. दोन्ही टोकं पट्टीने जोडून रेघ कागदावर पुढे वाढवतो. ही रेघ म्हणजे उजेडाचा सरळ किरण, त्यामुळे जमीन कशीही असली तरी फरक पडत नाही. अशा सगळ्या रेघा एकाच ठिकाणी मिळाल्या पाहिजेत. सूर्य समोर असेल तर तो बिंदू सूर्याच्या जागी येतो, मग सूर्य फोटोच्या चौकटीबाहेर का असेना. सूर्य पाठीमागे असेल तर बिंदू खाली, जिथे फोटो काढणाऱ्याची स्वतःची सावली पडेल, तिथे येतो. सूर्य बरोबर बाजूला असेल तरच रेघा समांतर राहतात.

दोन रेघांवर थांबू नका. कोणत्याही दोन तिरप्या रेघा कुठेतरी मिळणारच. साक्ष तिसरी रेघ देते.

आबांच्या फोटोत मी तीन टोकं घेतली: न पडलेल्या झाडाच्या टेकूच्या बांबूचं टोक, बांधावरच्या विजेच्या खांबाचं टोक आणि आबांच्या टोपीचं टोक. तिन्ही रेघा प्रिंटच्या वर डावीकडे, चौकटीबाहेर साधारण चार बोटांवर एका ठिकाणी आल्या. सकाळचा सूर्य तिथेच होता. त्याआधीच्या हिवाळ्यात नाल्याच्या बांधावर बसलेल्या बिबट्याचा फोटो फिरत होता, त्यावर हेच केलं होतं. खांब, दगड आणि बाभळीच्या फांदीच्या रेघा एका बिंदूवर आल्या. बिबट्याच्या कानाची रेघ भलतीकडे गेली आणि त्याच्या पंजांखाली जमिनीला टेकणारी गडद सावलीही नव्हती. तो बिबट्या दुसऱ्या फोटोतून आणून चिकटवलेला होता. या रीतीला मर्यादा आहेत. लग्नातले दोन-तीन हॅलोजन असले की बिंदूही तितकेच होतात, आणि मोबाईलच्या वाइड लेन्सने कडेच्या वस्तू ताणल्या जातात. म्हणून टोकं शक्यतो मधल्या भागातली घ्या. सावलीचं टोक धूसर असेल तर ते सोडून द्या. हे काम दहा मिनिटांत उरकण्यासारखं नाही. ज्यांना दहा मिनिटंही थांबवत नाही, त्यांनी लाल गोल काढू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता सहा बोटं. समोर ऊन असलं की आजचे मोबाईल एका क्लिकमध्ये अनेक फोटो घेऊन ते एकमेकांत मिसळतात. तेवढ्यात हात हलला तर बोटाची दुसरी पुसट कड उमटते. आबांचं सहावं बोट असंच होतं: अर्धपारदर्शक, त्यातून मागचं केळीचं पान दिसत होतं. कॉम्प्युटरने बनवलेल्या हातातलं जादा बोट बहुधा भरीव असतं, त्याला नख आणि पेरंही असतात. आणि पाच बोटं नीट आहेत म्हणून फोटो खरा, असंही समजू नका. नवे प्रोग्रॅम हात चांगले काढतात.

अक्षरांसाठी मी एकच गोष्ट पाहतो: बिघाड अंतराप्रमाणे वाढतो का? मोबाईल लांबची बारीक अक्षरं धारदार करायला जातो आणि त्यांची विचित्र चिन्हं करून टाकतो. आबांच्या ट्रॉलीवर तेच झालं होतं. पण त्याच फोटोत पुढे पडलेल्या खताच्या गोणीवरचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. बनवलेल्या चित्रात जवळची, मोठी, ठळक अक्षरंही फसतात: शिरोरेषा मध्येच तुटते, मात्रा भलत्या अक्षरावर बसते, जोडाक्षराच्या जागी नुसता आकार येतो.

व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोवर यातलं काहीही करू नका. ते फोटो लहान करतं आणि कॅमेऱ्याची माहिती काढून टाकतं. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटो किती टक्के बनावट ते सांगणाऱ्या ॲपवर मी विसंबत नाही.

एकही खूण सापडली नाही, तरी फोटो बदललेला असू शकतो. 28 मे 2023 ला दिल्लीत ताब्यात घेतलेल्या महिला कुस्तीपटूंचा पोलिसांच्या गाडीतला सेल्फी आठवा. फिरलेल्या प्रतीत त्या हसत होत्या, मूळ सेल्फीत हसू नव्हतं. हात, सावल्या, गाडी सगळं खरं होतं, बदलले होते फक्त चेहरे. तिथे मूळ फोटो शेजारी ठेवणं हाच उपाय होता. म्हणून मी पहिला प्रश्न विचारतो: याच्या आगेमागे काढलेले फोटो आहेत का?

आबांच्या मुलाच्या मोबाईलमध्ये त्याच सकाळचे आणखी अकरा फोटो होते, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले, आणि प्रत्येकात तीच ट्रॉली, तोच खांब, तोच वाकलेला बांबू. ते सगळे आणि माझा रेघा मारलेला कागद घेऊन आबा पंचनाम्याला गेले. ग्रुपवरचे लाल गोल त्या पोराने दोन दिवसांनी काढून टाकले. तोवर ते शेजारच्या चार गावांत पोचले होते.