पट्टीचा फॉर्म्युला खाली ओढताना या चुका टाळा

रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या पट्ट्या करणारी नवी पोरं वर्षातून दोन-तीनदा तरी माझ्याकडे शीट घेऊन येतात. प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, बेरीज जुळत नाही." शीट उघडली की चूकही ठरलेलीच निघते. भावाच्या सेलला डॉलर लावलेला नसतो, नाहीतर नको तिथे लावलेला असतो, नाहीतर शेवटचा शेतकरी बेरजेच्या बाहेर राहिलेला असतो. या तिन्ही चुकांत एक्सेल बहुतेक वेळा तक्रार करत नाही. आकडा येतो, तो खरा वाटतो आणि पट्टी छापून शेतकऱ्याच्या हातात जाते.

आधी डॉलरचं बघू, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात.

काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडे मी महिनाअखेरीला पट्ट्या तपासायला जायचो. तिथल्या मुलाने शीट नीट मांडली होती. बी कॉलममध्ये शेतकऱ्याचं नाव, सीमध्ये काट्यावरचं वजन क्विंटलमध्ये, डीमध्ये रक्कम. उजवीकडे एचमध्ये महिन्याच्या तारखा आणि आयमध्ये त्या-त्या दिवसाचा भाव. 1 तारीख चौथ्या ओळीत होती, म्हणजे 9 तारखेचा भाव `I12` मध्ये. 9 तारखेच्या गाडीत 14 शेतकऱ्यांचा माल होता आणि त्या दिवशीचा भाव 1,420 रुपये क्विंटल. त्याने पहिल्या शेतकऱ्यासमोर लिहिलं:

```
=C4*I12
```

साडेबेचाळीस क्विंटलचे 60,350 आले. बरोबर. मग कोपरा धरून खाली ओढलं. दुसऱ्या ओळीत फॉर्म्युला झाला `=C5*I13`, म्हणजे 10 तारखेचा भाव. योगायोगाने 10 तारखेलाही भाव 1,420 होता, त्यामुळे दुसरी रक्कमही बरोबर आली. पहिल्या दोन ओळी कॅल्क्युलेटरवर तपासून त्याने शीट बंद केली. तिसऱ्या ओळीला 11 तारखेचा 1,440 लागला आणि 38 क्विंटलच्या शेतकऱ्याला 53,960 ऐवजी 54,720 मिळाले. असं करत चौदावी ओळ 22 तारखेवर, `I25` वर पोचली. तोवर भाव उतरून 1,310 झाला होता. त्या शेतकऱ्याचा माल 51 क्विंटल होता. त्याला 72,420 मिळायला हवे होते, पट्टीवर आले 66,810.

महिना संपल्यावर पट्ट्या होत होत्या म्हणून भावाचा कॉलम खालपर्यंत भरलेला होता. तो रिकामा असता तर गुणाकार शून्य आला असता आणि चूक तिथेच दिसली असती. मध्ये एखादं शीर्षक असतं तर `#VALUE!` आलं असतं. इथे प्रत्येक ओळीला कुठल्यातरी दिवसाचा खरा भाव लागला. काहींना जास्त, काहींना कमी, त्यामुळे आठ लाखांच्या घरातल्या पट्टीत एकूण फरक तीन हजारांच्या आतच राहिला. बेरीज बघून कोणाला शंका येण्याचं कारणच नव्हतं.

चूक पकडली ती त्या शेवटच्या शेतकऱ्याने. म्हातारे आप्पा, हातात पट्टी आणि नातवाचा मोबाइल. म्हणाले, "वर भाव 1,420 लिहिलाय, वजनही माझंच आहे. मग गुणाकार का जमत नाही?" मी स्वतः त्यांच्यासमोर गुणाकार केला आणि गप्प झालो. 5,610 रुपये कमी होते. ज्यांना कमी गेले त्यांना व्यापाऱ्याने त्याच आठवड्यात पैसे दिले. ज्यांना जास्त गेले त्यांच्या पुढच्या पट्टीतून वळते करायचे ठरले, आणि त्यावरून दोघांशी झालेली कुरबूर पुढे बरेच दिवस चालली. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, पट्टी त्यांनी केलेली नव्हती.

दुरुस्ती एका चिन्हाची आहे. फॉर्म्युला लिहिताना `I12` वर कर्सर असतानाच `F4` दाबा. लॅपटॉपवर बहुतेक वेळा `Fn` धरून दाबावं लागतं.

```
=C4*$I$12
```

वजनाचा `C4` मोकळा ठेवायचा, कारण तो ओळीबरोबर सरकायलाच हवा. त्यालाही डॉलर लावला तर सगळ्या शेतकऱ्यांना 60,350 दिसतात. ती चूक निदान लगेच नजरेत भरते.

बरेच जण सेलच्या कोपऱ्यातल्या हिरव्या त्रिकोणावर विसंबतात. शेजारच्यांपेक्षा वेगळा फॉर्म्युला दिसला की एक्सेल तो त्रिकोण दाखवतं. वरच्या शीटमध्ये 14 च्या 14 फॉर्म्युले एकाच रीतीने घसरले होते, म्हणजे एक्सेलच्या नजरेत ते एकसारखेच होते. त्रिकोण एकही नव्हता. `Ctrl+G` दाबून `Special` मधलं `Column differences` हे चांगलं साधन आहे. मध्येच कोणी फॉर्म्युल्यावर हाताने आकडा टाकला असेल तर ते तो सेल अचूक निवडून देतं. पण सगळा कॉलम एकत्र घसरलेला असेल तर तेही काही सांगत नाही.

म्हणून त्या दिवसापासून मी उलटा भागाकार करतो. पट्टी झाली की शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये `=D4/C4` लिहून खाली ओढतो. प्रत्येक ओळीत 1,420 यायला हवेत. एका ओळीत जरी 1,440 दिसले तरी छपाई थांबवतो. तपासून झालं की तो कॉलम पुसून टाकतो. याला अर्धं मिनिट लागतं, आणि "पहिले दोन बघितले, बरोबर आहेत" या सवयीपेक्षा याचा भरवसा कितीतरी जास्त आहे. घसरलेला फॉर्म्युला पहिल्या ओळीत बरोबरच असतो. बघायचीच असेल तर शेवटची ओळ बघा. तिथे `F2` दाबा, म्हणजे फॉर्म्युला कुठल्या सेलकडे बघतोय ते रंगीत चौकटीत दिसतं. चौकट भावाच्या कॉलममध्ये 22 तारखेवर दिसली की आणखी काही शोधायची गरज उरत नाही.

डॉलर शिकलेल्या पोरांची चूक याच्या उलटी असते. 9 तारखेची पट्टी बरोबर झाली, आता 14 तारखेची गाडी आली. घाईत तोच सगळा ठोकळा कॉपी करून खाली पेस्ट करायचा, नावं-वजनं बदलायची आणि मोकळं व्हायचं. पण `$I$12` खिळ्यासारखा ठोकलेला आहे. नवी पट्टी कुठेही न्या, ती 9 तारखेचाच भाव धरते. इथे उलटा भागाकारही पुरत नाही, कारण सगळ्या ओळींत सारखाच 1,420 येतो. आलेला भाव त्या तारखेच्या भावाशी लावून बघावा लागतो. मी प्रत्येक गाडीला वेगळी शीट करतो, भाव त्याच शीटच्या वर `D2` मध्ये लिहितो आणि सगळे फॉर्म्युले `$D$2` कडे वळवतो. नवी गाडी आली की खालच्या टॅबवर उजवं क्लिक करून `Move or Copy` ने पूर्ण शीटची नक्कल काढतो. मग फॉर्म्युले नव्या शीटच्या स्वतःच्या `D2` कडेच बघतात. सगळ्यात आधी `D2` रिकामा करायचा. रकमा शून्य दिसल्या की भाव टाकायचा राहिलाय हे आपोआप कळतं.

आता सुटलेली ओळ. पट्टी तयार आहे, अठराव्या ओळीत बेरीज आहे, `=SUM(D4:D17)`. तेवढ्यात पंधराव्या शेतकऱ्याची काटा पावती येते. पोरगा बेरजेच्या वर एक ओळ घालतो आणि नाव, वजन, रक्कम भरतो. बेरीज एकोणिसाव्या ओळीत सरकते, पण आतली रेंज `D17` वरच थांबलेली राहू शकते. रेंजच्या मध्ये ओळ घातली तर एक्सेल रेंज वाढवतं. शेवटच्या ओळीखाली घातली तर कधी वाढवतं, कधी नाही, आणि त्या "कधी"वर हिशोब सोडता येत नाही.

ही चूक फक्त आपल्याकडच्या घाईची नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी 2010 मध्ये देशांवरचं कर्ज आणि आर्थिक वाढ यांवर एक गाजलेला निबंध लिहिला. 2013 मध्ये थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने त्यांची शीट मागवून तपासली. सरासरीची रेंज `L30:L44` होती, देश मात्र `L49` पर्यंत होते. 20 पैकी 5 देश बाहेर राहिले होते. निष्कर्षातला सगळा फरक या एका चुकीमुळे नव्हता, निबंधावर इतरही आक्षेप होते. पण पाच ओळी सुटल्या होत्या आणि तीन वर्षं शीट तशीच होती.

माझी सवय अशी. बेरजेच्या वर एक रिकामी ओळ ठेवतो, तिला करडा रंग देतो आणि बेरजेची रेंज त्या करड्या ओळीपर्यंत नेतो. 14 शेतकरी असतील तर करडी ओळ अठरावी, बेरीज एकोणिसावी:

```
=SUM(D4:D18)
```

नवा शेतकरी नेहमी करड्या ओळीच्या वर घालायचा, म्हणजे तो रेंजच्या मध्येच पडतो. तपासायला रकमांचा कॉलम पहिल्यापासून शेवटपर्यंत माउसने निवडतो आणि एक्सेलच्या तळाच्या स्टेटस बारमधले `Sum` आणि `Count` बघतो. `Sum` बेरजेशी जुळायला हवा आणि `Count` हातातल्या काटा पावत्यांशी. पावत्या मी खरोखर बोटाने मोजतो. एखादी रक्कम सेलमध्ये टेक्स्ट म्हणून बसली असेल तर ती `SUM` मध्ये धरलीच जात नाही. तेव्हा `Sum` आणि बेरीज दोन्ही सारखेच चुकतात, पण `Count` पावत्यांइतका भरत असूनही `Numerical Count` एकाने कमी येतो. तो आकडा दिसत नसेल तर स्टेटस बारवर उजवं क्लिक करून चालू करा.

कोपऱ्यावर डबल क्लिक करून फॉर्म्युला खाली भरत असाल तर मध्ये पूर्ण रिकामी ओळ नाही ना, ते आधी बघा. तिथेच तो थांबतो.

आणि एरर दिसू नये म्हणून प्रत्येक फॉर्म्युल्याला `IFERROR` गुंडाळून त्यात 0 टाकायची जी पद्धत व्हिडिओ बघून आली आहे, ती पट्टीत मला अजिबात मान्य नाही. वजनाच्या सेलमध्ये चुकून "38 क्वि" असं लिहिलं गेलं तर `#VALUE!` तुम्हाला अडवतं. `IFERROR` असेल तर त्या शेतकऱ्यासमोर 0 छापलं जातं आणि बेरीज गुपचूप तेवढ्याने कमी होते. माझ्याकडे शीट आली की ते सगळे `IFERROR` मी आधी काढतो, आणि चूक बहुतेक वेळा तिथेच उघडी पडते.