ओलावा नव्हे, वॉटर ॲक्टिव्हिटी लिहा

पेपरात शेल्फ लाइफचं कारण विचारलं की मुलं ओलाव्याची टक्केवारी लिहून मोकळी होतात, आणि तिथेच मार्क जातात. ब्रेड आणि जॅम घ्या. पाणी दोन्हींत साधारण एक तृतीयांश, तरी बुरशी ब्रेडला आधी येते, कारण जॅममधलं पाणी साखरेने धरून ठेवलेलं असतं. जंतूंना वापरता येईल असं पाणी किती मोकळं आहे, याचं माप म्हणजे वॉटर ॲक्टिव्हिटी, aw. सूत्र aw = p/p0, म्हणजे पदार्थावरचा बाष्पदाब भागिले त्याच तापमानाच्या शुद्ध पाण्याचा बाष्पदाब. 0.6 खाली कुठलाच जंतू वाढत नाही.

आपली इंदूरची शेव तर त्याहून बरीच खाली असते. पण पावसाळ्यात डबा उघडा राहिला की ती हवेतला ओलावा ओढते आणि 0.5 च्या आसपासच मऊ पडते. शिवाय अगदी कोरडी ठेवली तरी तेल खवट होतंच. म्हणून शेवेच्या उत्तरात जंतूंऐवजी कुरकुरीतपणा आणि खवटपणा लिहा.