कडुनिंब की मिरची? पानावरची भोकं मोजून ठरवा

पानं खाणारी कीड रोखायला कडुनिंब चांगला की मिरची, हे तपासणाऱ्या दहावीच्या प्रकल्पात तीन नव्हे, चार गट ठेवा: निंबोळी तेल, मिरचीचा अर्क, नुसतं साबणाचं पाणी आणि काहीच न फवारलेला. साबणाचा गट बहुतेक जण विसरतात. मग कीड तेलामुळे हटली की साबणामुळे, हे सांगताच येत नाही.

मुळ्याची प्रत्येक गटात पाच रोपं पुरेत. एक लिटर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण घाला. साबणाशिवाय तेल वर तरंगतं. मिरचीच्या आणि नुसत्या साबणाच्या गटातही साबण तेवढाच. मिरच्या वाटून, रात्रभर भिजवून फडक्यातून दोनदा गाळा, नाहीतर पंपाचं तोंड तुंबतं. हातमोजे आणि चष्मा हवाच! फवारणी संध्याकाळी करा, कारण उन्हात कडुनिंबाचा घटक लवकर निकामी होतो.

खरी गंमत मोजणीत. फवारणीआधी खुणेच्या पानावर पारदर्शक प्लास्टिक ठेवून कडा आणि भोकं गिरवा, मग ते आलेखाच्या कागदावर धरून चौकोन मोजा. समजा, पान 80 चौकोनांचं, भोकं 4, म्हणजे 5 टक्के. आठवड्यानं पान तेवढंच, भोकं 12, म्हणजे 15 टक्के. नोंद 10 टक्के वाढीची करायची. जुनी भोकं काही बुजत नाहीत.

अळ्या दुसऱ्या दिवशी जिवंत दिसल्या तरी फवारणी फसली म्हणू नका. कडुनिंबानं त्यांचं खाणं मंदावतं. मावा मात्र रस शोषतो, भोकं पाडत नाही. त्याच्यासाठी ही मोजणी कुचकामी.