रिकाम्या जागेत एकच उत्तर बसेल असा इतिहासाचा प्रश्न कसा काढावा

‘रिकाम्या जागा भरा’साठी प्रश्न काढताना आधी वाक्य सुचू देऊ नका, आधी उत्तर पक्कं करा. आपलं उत्तर ‘तैनाती फौज’ आहे असं धरू. घाईत सुचणारं वाक्य बहुधा असं असतं:

दुसऱ्या बाजीरावाने १८०२ मध्ये इंग्रजांची ______ स्वीकारली.

आता विद्यार्थ्याच्या जागी बसून ते भरून पाहा. ‘मदत’ बसतं, ‘मैत्री’ बसतं, ‘अट’ही बसतं. यातलं काहीच धड चूक म्हणता येत नाही, मग मार्क कसे कापणार? शिवाय ‘इंग्रजांची’ आणि ‘स्वीकारली’ हे शब्द उत्तर स्त्रीलिंगी असल्याचं आधीच सांगून टाकतात. मराठीत खरी फितुरी होते ती इथे, लिंग-वचनात आणि विभक्तीत, आणि आपल्याला ती सवयीने दिसतही नाही.

म्हणून दुसऱ्या पायरीला या संज्ञेची ओळख पटवणाऱ्या अटी कागदावर मांडा आणि वाक्य त्यांच्यावर उभं करा. रिकामी जागा शेवटाकडे, ‘असे म्हणतात’च्या आधी ठेवा. तिथे क्रियापद उत्तराच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही.

राज्यात कंपनीचे सैन्य ठेवायचे, त्याचा खर्च सोसायचा आणि कंपनीच्या संमतीशिवाय इतर सत्तांशी बोलणी करायची नाहीत, या अटींवर निजामाने १७९८ मध्ये व दुसऱ्या बाजीरावाने १८०२ मध्ये स्वीकारलेल्या व्यवस्थेला ______ असे म्हणतात.

इथे दोन सालं मुद्दाम दिली आहेत. एकटं १८०२ असतं तर ‘वसईचा तह’ लिहिणाऱ्याला अडवता आलं नसतं. निजाम आला की तो पर्याय गळतो. वेलस्लीचं नाव मी गाळलं, कारण ‘वेलस्ली म्हणजे तैनाती फौज’ ही जोडी मुलांना तोंडपाठ असते आणि अटी न वाचताच उत्तर येतं. ‘फौज’ऐवजी ‘सैन्य’ लिहिलं तेही त्याचसाठी. ‘तैनाती ______’ असं अर्धं उत्तर तर कधीच छापू नये. सगळ्या प्रश्नांत रेघ एकाच लांबीची ठेवा.

मग प्रश्न दोघांना द्या. विषय जाणणाऱ्याला सांगा, ‘दुसरं बरोबर उत्तर शोधून दाखव.’ त्याला सापडलं तर वाक्यात आणखी एक अट घाला. ज्याने धडा वाचलेला नाही त्याला अंदाज करायला लावा. त्याचा अंदाज बरोबर आला तर कोणत्या शब्दावरून आला ते विचारा आणि तो शब्द बदला. ‘तैनाती फौजेची पद्धत’ लिहिलं तर मार्क द्यायचे, हे उत्तरसूचीत आधीच नोंदवा.

शेवटी पूर्ण प्रश्नपत्रिका सलग वाचा. पुढे कुठे ‘तैनाती फौजेचे परिणाम लिहा’ असा प्रश्न असेल तर दोनपैकी एक काढावाच लागेल.