घर हलवताना खोकी, टेप आणि बबल रॅप किती लागेल?

"दोन खोल्यांचं घर आहे, वीस खोकी पुरतील" हा अंदाज बहुतेकदा फसतो, कारण खोकी खोल्यांवर नाही, वस्तूंवर ठरतात. म्हणून वही घेऊन एकेका खोलीत जा आणि वस्तू मोजा. कपाटं उघडून, माळ्यावर चढून मोजा; बाहेर दिसतं त्यापेक्षा आत जास्त असतं.

मोजून झालं की प्रत्येक प्रकाराबद्दल एकच प्रश्न विचारा: खोकं आधी जागेने भरेल की वजनाने?

पुस्तकांचंच बघा. ४५ × ३० × ३० सेंमीच्या लहान खोक्यात मध्यम आकाराची ५५ पुस्तकं सहज मावतात. पण ४०० ग्रॅमचं एक धरलं तर ती २२ किलो होतात, आणि उचलताना तळ सुटतो. १५ किलोची मर्यादा पाळा, म्हणजे एका खोक्यात ३७ पुस्तकं. २०० पुस्तकांना सहा खोकी लागतील. मोठ्या खोक्यात पुस्तकं भरूच नका.

काचेच्या ग्लासांचं उलट आहे. तिथे वजन नाही, जागा आडवी येते, आणि मोजायचं ते गुंडाळलेल्या ग्लासाचं माप. आठ सेंमी रुंदीचा ग्लास गुंडाळल्यावर दहाचा होतो, त्यामुळे त्याच खोक्यात तीसऐवजी २४च बसतात. ३६ ग्लासांना दोन खोकी धरा. उरलेल्या जागेत वाट्या जातील.

समजा, कपड्यांची मोठी चार आणि भांड्यांची मध्यम चार निघाली. एकूण १६ झाली. ऐनवेळी निघणाऱ्या सटरफटर सामानासाठी दोन वाढवा: १८.

आता टेप. खाली दोन आणि वर दोन पट्ट्या, प्रत्येक पट्टी दोन्ही बाजूंना थोडी खाली वळवलेली, असं धरलं तर एका खोक्याला सरासरी अडीच मीटर जाते. १८ खोक्यांना ४५ मीटर. बबल रॅप चिकटवायला आणखी सात-आठ मीटर लागते, म्हणून ५० मीटरचा एक रोल अपुरा पडतो, दोन घ्या. रोलवरची लांबी मात्र वाचून घ्या, कारण सारख्या दिसणाऱ्या रोलांतही ती वेगळी असते.

बबल रॅप फक्त फुटणाऱ्या वस्तूंना. स्टीलच्या भांड्यांवर तो वाया जातो. एका ग्लासाला ३० × ३० सेंमीचा तुकडा पुरतो. एक मीटर रुंद रोलमधून आडवे तीन तुकडे निघतात, म्हणजे ३६ ग्लासांना ३.६ मीटर. ४३ इंची टीव्हीला दोन वेढ्यांसाठी तीन मीटर धरा. कापताना वाया जाणारं मिळवून आठ मीटर आणा.

सगळं सामान आणण्याआधी एक खोली भरून बघा. सहा खोक्यांचा अंदाज असताना सात लागली, तर बाकीच्या खोल्यांचे आकडेही त्याच प्रमाणात वाढवा.