एफ मोठा आला, मग पुढे काय?

अनोव्हा, म्हणजे अनेक गटांच्या सरासऱ्यांची एकदम तुलना करणारी चाचणी, एफ नावाची किंमत देते. समजा, कोल्हापुरातल्या एका क्लासात फळा, गटचर्चा आणि व्हिडिओ अशा तीन पद्धतींनी शिकवलं. प्रत्येक गटात 10 मुलं, सरासरी गुण 62, 66, 73. विचरण, म्हणजे गुणांचा विखुरलेपणा, गटांमधलं 310, गटांतर्गत 64. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं, की एफ 4.84. तक्त्यातली 5 टक्के पातळीची किंमत 3.35, म्हणजे फरक लक्षणीय. पण एफ फक्त एवढंच सांगतो, की सगळ्या सरासऱ्या सारख्या नाहीत. 'व्हिडिओ भारी!' म्हणून लगेच उड्या मारू नका.

दोन-दोन गटांची तुलना करणाऱ्या तीन वेगळ्या टी-चाचण्याही नकोत. चुकून फरक सापडण्याची शक्यता 5 वरून सुमारे 12 टक्क्यांवर जाते. सगळ्या जोड्या एकत्र तपासून ही शक्यता 5 टक्क्यांवरच ठेवणारी तुकी चाचणी लावा. इथं तिची मर्यादा साधारण 8.9 गुण येते. फळा-व्हिडिओ फरक 11, तो टिकला. व्हिडिओ-गटचर्चा फरक 7, तो सिद्ध झाला नाही.