डब्ल्यूपीएसचं बटण: दोन मिनिटांची खिडकी आणि फोनमधून गेलेला पर्याय

नेटवर्क सपोर्टच्या कामाला लागलो त्याच्या पहिल्याच महिन्यात मला एक फोन राउटरला जोडून द्यायचा होता. अँड्रॉइड ८ चा फोन. राउटरच्या मागे डब्ल्यूपीएसचं, म्हणजे पासवर्ड न टाकता उपकरण वायफायला जोडायचं, बटण. पासवर्ड लांबलचक होता आणि वापरणाऱ्या बाईंना तो टाइप करायचा नव्हता. पाच मिनिटांचं काम वाटलं होतं, त्यात अर्धा तास गेला. या कामात नव्याने येणाऱ्यांना ते बटण नेमकं काय करतं हे कळावं म्हणून तो अर्धा तास इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी सरळ रीत. फोनमध्ये वायफायच्या सेटिंगमध्ये जायचं, तिथून वायफाय प्रेफरन्सेस, मग अॅडव्हान्स्ड. तिथे `WPS Push Button` असा पर्याय दिसतो. तो दाबला की फोन राउटरवरचं बटण दाबायला सांगतो आणि खाली वेळेची पट्टी सरकू लागते. ती पट्टी पूर्ण व्हायला दोन मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात राउटरचं बटण दाबायचं. आधी राउटर आणि मग फोन असा क्रम लावला तरी चालतं, दोन्ही गोष्टी १२० सेकंदांच्या आत झाल्या म्हणजे पुरे. नंतर दोघांत आठ निरोपांची देवाणघेवाण होते आणि शेवटच्या निरोपात राउटर फोनला नेटवर्कचं नाव आणि किल्ली देऊन टाकतो. तिथून पुढे फोनच्या लेखी ते साधं जतन केलेलं नेटवर्क असतं, जणू पासवर्ड हाताने टाकला होता.

बटणाबाबत एक सावधगिरी इथेच सांगतो. पुष्कळ राउटरांवर डब्ल्यूपीएस आणि रीसेट यांना एकच बटण असतं. टिचकी मारल्यासारखं दाबलं तर डब्ल्यूपीएस, आणि काही सेकंद दाबून धरलं तर सगळी सेटिंग पुसून राउटर कारखान्यातून आला तसा होतो. बटणाशेजारी काय छापलंय ते वाचल्याशिवाय बोट लावू नका.

त्या दिवशी मी सगळं रीतसर केलं. फोनवर पर्याय दाबला, दहा सेकंदांनी राउटरचं बटण दाबलं. पट्टी शेवटपर्यंत गेली आणि फोनवर आलं: `WPS failed. Please try again in a few minutes.` पुन्हा केलं, पुन्हा तेच. एक गोष्ट मात्र नजरेत आली. एरवी बटण दाबलं की राउटरचा दिवा लुकलुकू लागतो, तो या वेळी लागलाच नव्हता. म्हणजे राउटरने बटण ऐकलं होतं, पण दार उघडलं नव्हतं.

माझ्या वरिष्ठांना फोन केला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "खोलीत आणखी कुणी डब्ल्यूपीएस दाबलंय का?" नशिबाने त्या राउटरमध्ये कमांड चालवायची सोय होती. राउटरमधल्या वायफाय सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमला डब्ल्यूपीएसची स्थिती विचारणारी कमांड त्यांनी सांगितली, ती टाइप केली:

```
hostapd_cli wps_get_status
```

उत्तरात पहिलीच ओळ होती:

```
PBC Status: Overlap
```

पीबीसी म्हणजे पुश बटण पद्धत, आणि ओव्हरलॅप म्हणजे एकाच वेळी दोघे दारात उभे. बाईंना विचारलं तेव्हा कळलं की मी येण्याआधी त्या प्रिंटर जोडायच्या खटपटीत होत्या. प्रिंटरचं वायफाय बटण त्यांनी दाबून ठेवलं होतं आणि मी फोनवर काम करत असतानाही तो जोडला जाईल या आशेने अधूनमधून पुन्हा दाबत होत्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं. विचारायचं मला सुचायला हवं होतं.

आता हे घड्याळ लावून बघा, म्हणजे गुंता सुटतो. समजा १०:०० ला प्रिंटरचं बटण दाबलं. तो १०:०२ पर्यंत "मला बटणाने घ्या" अशी हाक देत राहतो. राउटर अशा हाका ऐकून ठेवतो आणि प्रत्येकीची आठवण १२० सेकंद बाळगतो. म्हणजे प्रिंटर गप्प झाला तरी राउटरच्या वहीत त्याचं नाव १०:०४ पर्यंत असतं. मी १०:०१ ला फोनवर पर्याय दाबला, त्याचंही नाव चढलं. लगेच राउटरचं बटण दाबलं, तर त्याला दोन नावं दिसली. बटणाला चेहरा ओळखता येत नाही. कोणाला आत घ्यायचं हे त्याला ठरवता येत नाही, म्हणून तो दोघांनाही नाकारतो. १०:०३ ला पुन्हा प्रयत्न केला तरी प्रिंटरचं नाव वहीत आहेच. आणि मध्येच कुणी प्रिंटर पुन्हा दाबला तर हिशोब तिथून नव्याने सुरू.

म्हणून उपाय काय केला? प्रिंटर बंद केला. फोनवरचा प्रयत्न रद्द केला. पूर्ण तीन मिनिटं कुणीच काही दाबलं नाही. मग आधी फोन, मग राउटर. दिवा लुकलुकला आणि काही क्षणांत फोन जोडला गेला. त्यानंतर फोन जोडलेला असताना प्रिंटर सुरू करून तोही त्याच रीतीने घेतला. घाईने पुन्हापुन्हा दाबण्याने हे काम लांबतं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं ते त्या दिवशी.

उलट बाजूनेही हाच प्रकार होतो. जवळपास दोन वेगळ्या राउटरांची बटणं एकाच वेळी दाबली गेली, तर फोनला दोन उघडी दारं दिसतात आणि मग फोनच माघार घेतो. तेव्हा संदेश वेगळा असतो: `Another WPS session was detected. Please try again in a few minutes.` सिग्नल वाढवणारं यंत्र जोडताना असं होऊ शकतं. संदेश नीट वाचला तर अडचण कुठल्या बाजूला आहे ते तिथेच कळतं.

आता दुसरी गोष्ट, जी लोक सगळ्यात जास्त विचारतात: "माझ्या नव्या फोनमध्ये हा पर्यायच सापडत नाही." तो काढून टाकला आहे. अँड्रॉइड ९ मध्ये, म्हणजे २०१८ मध्ये, डब्ल्यूपीएस बाद केलं गेलं. आयफोनमध्ये तर ते कधीच नव्हतं. तेव्हा नव्या फोनच्या सेटिंगमध्ये तासभर शोधत बसू नका.

का काढलं, याची मुळं बटणात कमी आणि त्याच्या जोडीदारात जास्त आहेत. डब्ल्यूपीएसमध्ये बटणाखेरीज आठ आकडी पिनचीही पद्धत आहे, बऱ्याच राउटरांच्या खालच्या स्टिकरवर तो पिन छापलेला असतो. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, ऐकायला भक्कम. पण शेवटचा आकडा आधीच्या सात आकड्यांवरून निघतो, तो नुसता पडताळणीचा. आणि खरी चूक पुढे आहे: राउटर पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासतो. पहिले चार चुकले की तिथेच नकार देतो, म्हणजे ते चार बरोबर आहेत की नाहीत हे बाहेरच्याला कळतं. मग पहिल्या तुकड्यासाठी १०,००० प्रयत्न आणि दुसऱ्यासाठी १,०००. दहा कोटींचे ११,००० झाले. यंत्राला हे काही तासांचं काम आहे. २०११ च्या डिसेंबरमध्ये स्टेफान फीबॉक या संशोधकाने हे जाहीरपणे दाखवून दिलं, आणि याच पद्धतीने पिन शोधणारं रीव्हर नावाचं साधनही त्याच सुमारास सर्वांच्या हाती आलं.

पिन सापडला की राउटर खुशाल पासवर्ड देऊन टाकतो. तुमचा पासवर्ड तीस अक्षरी असो वा साठ, या वाटेने त्याचा उपयोग शून्य. काही राउटरांमध्ये सेटिंगच्या पानावरून डब्ल्यूपीएस बंद केलं तरी पिन आतून चालूच राहत होता, हे त्याहून वाईट.

बटण त्या मानाने बरं. पिनसारखं ते चोवीस तास उघडं नसतं, फक्त दोन मिनिटं. पण त्या दोन मिनिटांत राउटर कोणालाही ओळखत नाही. आवाक्यात असलेलं जे उपकरण आधी पोहोचेल, त्याला किल्ली मिळते. ओव्हरलॅपची तपासणी चुकून झालेल्या गर्दीला अडवते, पण मुद्दाम टपून राहिलेल्या माणसाला अडवेल याची खात्री नाही. शिवाय ज्याचा हात राउटरपर्यंत पोहोचतो, त्याला पासवर्ड विचारावाच लागत नाही. फोनसारख्या, पडदा आणि कीबोर्ड असलेल्या वस्तूसाठी एवढी जोखीम घ्यायचं कारण उरलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा आल्यावर तर प्रश्नच मिटला: राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला की डब्ल्यूपीएस चालत नाही. बटण दाबूनही दिवा लुकलुकत नसेल आणि आसपास दुसरं कुणी नसेल, तर हे सेटिंग आधी बघा. नेटवर्कचं नाव लपवलेलं असेल तरी बहुतेक राउटरांत डब्ल्यूपीएस बंद पडतं.

एक शंका नेहमी येते: जुना फोन बटणाने जोडला होता, त्याला अँड्रॉइड ९ आलं, तर जोडणी तुटेल का? नाही. फोनकडे किल्ली आहे, ती कशी मिळाली याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पासवर्ड बदलला तरच पुन्हा जोडावं लागेल.

मग नव्या फोनसाठी टाइपिंग टाळायचं कसं? क्यूआर कोडने. अँड्रॉइड १० पासून जोडलेल्या फोनवर त्या नेटवर्कचा कोड दाखवता येतो आणि दुसरा फोन तो कॅमेऱ्याने वाचतो. कोड स्वतः तयार करायचा असेल तर त्यात एवढाच मजकूर असतो:

```
WIFI:T:WPA;S:Ghar;P:majha-password;;
```

`S` नंतर नेटवर्कचं नाव, `P` नंतर पासवर्ड. पासवर्डमध्ये अर्धविराम, स्वल्पविराम, अपूर्णविराम, दुहेरी अवतरणचिन्ह किंवा उलटी तिरकी रेघ असेल तर त्या चिन्हाआधी `\` टाकायचं. हे विसरलं की कोड वाचला जातो, पण पासवर्ड चुकीचा म्हणून फोन जोडला जात नाही, आणि माणूस राउटरवर शंका घेत बसतो.

बाईंच्या घरी निघताना मी राउटरच्या पानावर जाऊन डब्ल्यूपीएसमधला पिन बंद केला, बटण मात्र चालू ठेवलं, कारण त्यांच्या प्रिंटरला पडदाच नव्हता. मग पुन्हा एकदा `hostapd_cli wps_get_status` चालवलं. ओव्हरलॅप हा शब्द आता तिथे नव्हता.